एका पानाची योजना

(घरातून छोटा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी झालेल्या एका दिवसाच्या कार्यशाळेतील भाषणाचे शब्दांकन)



साथींनो, मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मी धंदा केलेला नाही. तरी मला इथे बोलावले, याचे कारण माझ्या मामेबहिणीची एक वही आहे. तिने मिरजेत घरातून नानखटाई विकायला सुरुवात केली होती. तिसऱ्या महिन्यात मामूजान म्हणाले, "हे बंद कर, घरातलेच पैसे संपायला लागलेत." तिला ते पटत नव्हते, कारण माल सगळा विकला जात होता. तिने मला फोन केला, "भाईजान, तुम्ही हिशेबाचे काहीतरी बनवून द्या."

मी काय केले? इंजिनिअरने करावे तेच केले. एक मोठी एक्सेल फाइल बनवली, चौदा शीट्सची. त्यात आलेख होते, पाच वर्षांचा अंदाज होता. तिने ती मोबाइलवर एकदा उघडली आणि परत कधी उघडली नाही. मग मी सुट्टीत मिरजेला गेलो. आम्ही दोघे स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि तिच्या वहीच्या एका पानावर सगळे लिहिले. ते पान उपयोगी पडले. आज तेच पान तुमच्यासमोर मांडतो. वही-पेन्सिल काढून ठेवा, मध्येमध्ये थांबून तुम्हाला लिहायचे आहे.

पहिला रकाना: कोण घेणार?

सर्वात वर लिहा, मी काय विकणार आहे. एकच वस्तू. "केक, मेंदी, शिलाई आणि ट्यूशन" असे लिहू नका. मग खाली दहा माणसांची नावे लिहा, जी ही वस्तू पैसे देऊन घेतील. "मोहल्ल्यातले लोक" हे नाव नव्हे. नाव म्हणजे ज्याच्या दारावर उद्या जाता येईल असा माणूस.

त्या दहांपैकी निदान पाच जण नात्यातले नकोत. नातेवाईक पहिल्या वेळी प्रेमाने घेतात, दुसऱ्या वेळी फुकट मागतात आणि तिसऱ्या वेळी दार वाजले की आत जातात. माझ्या बहिणीच्या यादीत सुरुवातीला दहाच्या दहा नावे खाला, फुफी आणि चाचीची होती. मी विचारले, तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या घरी नानखटाई खात नाहीत का? समोरच्या दवाखान्यातल्या सिस्टर? म्हणाली, "ते आपल्याकडून घेतील का?" हा प्रश्न इथल्या बऱ्याच जणांच्या मनात आहे, म्हणून त्याकडे मी परत येतो.

आता पाच मिनिटे थांबतो. दहा नावे लिहा. ज्यांची सहाच झाली त्यांनी खोटी चार घालू नयेत. सहा हीच तुमची आजची माहिती आहे.

दुसरा रकाना: एका घाण्याचा पूर्ण खर्च

घाणा म्हणजे एका वेळी मळलेल्या पिठाचा माल. बहिणीचा घाणा असा होता. मैदा एक किलो, ४० रुपये. बेसन २०० ग्रॅम, २२ रुपये. रवा १०० ग्रॅम, ५ रुपये. पिठीसाखर ७०० ग्रॅम, ३५ रुपये. वनस्पती तूप ५०० ग्रॅम, ७५ रुपये. साजूक तूप २०० ग्रॅम, १३० रुपये. वेलची, सोडा, वरून लावायचे बदामाचे काप, ४३ रुपये. एकूण ३५० रुपये. हे तिच्या वहीतले भाव आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले टाका.

याचे पाव किलोचे दहा पाकिटे होतात. तिने गणित केले: पाकिटाला ३५ रुपये खर्च, दुकानात पाव किलो ७० ला मिळते, मीही ७० ला विकते, म्हणजे दुप्पट पैसे. गणित बरोबर होते, पण अर्धेच होते.

आम्ही जमिनीवर बसून उरलेले अर्धे लिहिले. तिच्याकडे ओव्हन नाही. आपल्याकडे ईदच्या आधी जशी पिठाची भांडी घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात, तशी ती जायची. भाजण्याची मजुरी घाण्याला ६० रुपये. रिक्षा जाऊन-येऊन ४० रुपये. पाकीट आणि त्यावरचे लेबल मिळून ८ रुपये. शिवाय दहा पाकिटांपैकी विकायला नऊच मिळायची. काही नानखटाया तुटायच्या, काही खालून करपायच्या, दोन-चार चव बघायला जायच्या. म्हणजे नऊ पाकिटांचे ७२ रुपये.

बेरीज करा. ३५० अधिक ६० अधिक ४० अधिक ७२, म्हणजे ५२२ रुपये. नऊ पाकिटांनी भागा. पाकिटामागे ५८ रुपये. ती ७० ला विकत होती. सुटत होते १२ रुपये, ३५ नव्हे.

हा रकाना भरताना एक युक्ती वापरा. सामानाची यादी आठवून लिहू नका. सकाळी सामान आणण्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट पडेपर्यंत तुमचे हात कुठे कुठे जातात, ते क्रमाने लिहा. जिथे हात गेला तिथे पैसा लागला का, ते बघा. रिक्षा, पिशवी, चिकटपट्टी, तुटका माल असेच सापडतात.

तिसरा रकाना: माझे तास

मी तिला विचारले, एका घाण्याला किती वेळ लागतो? म्हणाली, "वेळ कसला, घरीच तर असते." आपल्या घरांत बायकांच्या वेळेबद्दल हेच उत्तर मिळते. आम्ही घड्याळ लावून बघितले. चाळणे, मळणे, गोळे वळणे, बेकरीवर नंबर लावून बसणे, गार करणे, भरणे, भांडी घासणे, पोहोचवणे. साडेचार तास.

नऊ पाकिटांचे १२ रुपये म्हणजे १०८ रुपये, साडेचार तासांचे. तासाला २४ रुपये. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाईजान, बेकरीत ट्रे उचलणारा पोरगा माझ्यापेक्षा जास्त कमावतो."

तासाचा दर कमी निघाला म्हणून लगेच धंदा सोडायचा नाही. पण तो आकडा पानावर पाहिजे. नाहीतर नफा होतोय असे वाटत राहते आणि तुम्ही स्वतःला फुकट विकत राहता.

चौथा रकाना: विकले नाही तरी लागणारे पैसे

एक पाकीटही विकले नाही तरी महिन्याला काय जाते? मोबाइलचा रिचार्ज, नोंदणीचे शुल्क, वजनकाट्याचा सेल, कापडी टोप्या. तिचे ३०० रुपये व्हायचे. पाकिटामागे १२ रुपये सुटत असतील, तर पहिली २५ पाकिटे फक्त या ३०० रुपयांसाठी विकायची. सव्विसाव्या पाकिटापासून तिची कमाई सुरू.

पाचवा रकाना: पैसा हातात कधी येतो?

आता मामूजानांचे म्हणणे तपासू. महिन्यात तिने दहा घाणे केले, ९० पाकिटे विकली. ९० गुणिले ७०, विक्री ६,३०० रुपये. खर्च ५,२२० अधिक ३००, म्हणजे ५,५२०. कागदावर ७८० रुपये उरायला हवेत. पण ९० पैकी ३० पाकिटे उधारीवर गेली होती. हातात आले ४,२०० रुपये. खर्च झालेले ५,५२०. कमी पडलेले १,३२० रुपये मुमानींच्या रेशनच्या डब्यातून आले होते.

म्हणजे दोघेही खरे बोलत होते. माल विकला जात होता हे बहिणीचे खरे, आणि घरातले पैसे संपत होते हे मामूजानांचेही खरे. पान नसल्यामुळे त्याचे भांडण झाले होते.

उधारीला नाही म्हणायला लाज वाटते, हे मला मान्य आहे. पण सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, साक्षीदारांसह. हातोहात झालेला व्यवहार नाही लिहिला तरी चालेल, ही सवलतही तिथेच आहे. मग खालाला "लिहून ठेवते हं" म्हणण्यात अपमान कसला? बहिणीने वहीच्या मागच्या पानावर उधारी लिहायला सुरुवात केली: नाव, तारीख, रक्कम, कधी देणार. लिहायला लागल्यावर निम्मी उधारी आपोआप रोख झाली.

सहावा रकाना: काय बदलून बघू?

योजना लिहिण्याचे खरे काम इथे आहे. वरच्या पाच रकान्यांतला कोणता आकडा हलवता येतो, ते शोधायचे. आम्ही तीन हलवले.

एक, दोन घाणे एकत्र. आठवड्यातून एकदाच भट्टीवर जायचे, दुप्पट पीठ घेऊन. रिक्षा एकच लागते. वेळही नऊ तास न लागता सात तास लागतो, कारण भट्टीवर थांबणे आणि भांडी घासणे एकदाच होते.

दोन, आधी नाव नोंदवायचे आणि पैसे द्यायचे. बुधवारपर्यंत ऑर्डर, शुक्रवारी भट्टी, शनिवारी पाकीट.

तीन, किंमत. दुकानातली ७० ची नानखटाई निव्वळ वनस्पतीची असते. हिच्यात साजूक तूप आहे. ती यादीतल्या दहा जणांकडे गेली आणि सांगितले, आता ९० रुपये. सहा जण हो म्हणाले, दोघांनी सोडले, दोघे विचार करतो म्हणाले. किंमत ठरवायची रीत हीच. घरी बसून अंदाज करायचा नाही.

नवे गणित बघा. दोन घाण्यांचे सामान ७०० रुपये, भट्टी १२०, रिक्षा ४०, अठरा पाकिटांचे १४४. एकूण १,००४. विक्री अठरा गुणिले ९०, म्हणजे १,६२०. सुटले ६१६ रुपये, सात तासांचे. तासाला ८८. महिन्याला चार वेळा भट्टी लावली तर २,४६४ सुटतात, त्यातून ३०० वजा, हातात २,१६४. आधी ९० पाकिटे, ४५ तास आणि ७८० रुपये होते. आता ७२ पाकिटे, २८ तास आणि २,१६४ रुपये. विक्री कमी झाली आणि कमाई वाढली. हे चौदा शीट्समध्ये दिसले नव्हते.

पण हेच पान कडू बातमीही देते. समजा तिला महिन्याला ८,००० हवेत. ८,००० अधिक ३००, भागिले ६१६, म्हणजे चौदा वेळा भट्टी. २५२ पाकिटे. एक घर महिन्याला दोन पाकिटे घेईल असे धरले तर १२६ घरे लागतील, रोखीची, साजूक तुपाला ९० देणारी. तिच्या यादीत दहा होती. म्हणून तिने ठरवले, हे पदवीच्या फीसाठी पुरेल, घर चालवण्यासाठी नाही. हे आधी कळणे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर माणूस त्या भरवशावर शिक्षण सोडतो.

कर्ज आणि ओव्हन

मला सगळीकडे पहिला प्रश्न येतो, "लोन कुठून मिळेल?" मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज असते. पण आधी पान बघा. वजनकाटा, डबे, चाळण्या मिळून १,५०० आणि दोन वेळच्या भट्टीचा माल २,००० रुपये. साडेतीन हजारांत सुरुवात होते आणि पैसे आगाऊ घेतले तर तेच फिरत राहतात. व्याज द्यायचे की नाही हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हा आकार सोयीचा आहे. घरातून बिनव्याजी घेतले तरी तेही मागच्या पानावर लिहा.

बहिणीला आठ हजारांचा छोटा ओव्हन घ्यायचा होता. त्याने भट्टी आणि रिक्षा मिळून प्रत्येक वेळी १६० रुपये वाचतात, महिन्याला ६४०. वीज न धरताही पैसे वसूल व्हायला वर्षाहून जास्त लागले असते. शिवाय त्याच्या एका ट्रेमध्ये साधारण चारशे ग्रॅम पीठ बसते. साडेपाच किलो पिठाला चौदा ट्रे, प्रत्येकी वीस मिनिटे. साडेचार तासांहून जास्त ओव्हनसमोर. तिने तो घेतला नाही.

रमजानचा महिना

रमजानमध्ये ऑर्डरी इतक्या येतात की आपण मोठे उद्योजक झालो असे वाटते. तो महिना पानात वेगळा लिहा. बारा महिन्यांच्या सरासरीत घालू नका. बहिणीने पहिल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात सहा घाणे एकदम मळले. भट्टीवर सगळ्या शहराची भांडी रांगेत. नंबर चार तासांनी लागला. उकाड्यात तूप सैल झाले, पीठ चकचकीत दिसायला लागले. हीच खूण असते. असे पीठ भट्टीत गेले की नानखटाई फुलत नाही, वर तडे जात नाहीत, नुसती पसरते. चार घाणे पसरले. आता ती भट्टीची वेळ आधी पक्की करते आणि वळलेले गोळे गार ठेवून नेते.

दुसरी चूक गरम माल भरण्याची. पाकिटाच्या आतून वाफ धरते आणि नानखटाई मऊ पडते. पूर्ण गार होऊ द्या. आणि प्रत्येक घाण्यातले एक पाकीट तारीख टाकून ठेवा. पंधरा दिवसांनी फोडा, महिन्याने दुसरे फोडा. खवट वास आला तर त्याच्या बऱ्याच आधीची तारीख पाकिटावर टाका. दुकानातल्या पाकिटावरची तारीख उतरवून घेऊ नका.

लेबलवरचे नाव

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. वर्षाला १०० रुपये शुल्क आहे, foscos.fssai.gov.in वर अर्ज होतो. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख, शाकाहारी असल्यास हिरवी खूण, किंमत, आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आता तो राहिलेला प्रश्न. बहिणीला एका हितचिंतकाने सांगितले, लेबलवर आपले नाव घालू नको, बाहेरचे लोक घेणार नाहीत. पाकिटाला कोणते नाव द्यायचे ही तुमची निवड. पण बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता कायद्याने लागतो, आणि तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. माल खराब निघाला तर तक्रार कोणाकडे करायची? तिने नाव छापले. दवाखान्यातल्या एका सिस्टरने ते वाचून पाकीट परत ठेवले. दुसऱ्या दोघी दर शनिवारी घेतात. दहा नावांचा रकाना भरताना नकार धरूनच चाला, पण लोकांनी काय करायचे ते तुम्ही त्यांच्या वतीने आधीच ठरवू नका.

आता तुमचे पान

पुढची चाळीस मिनिटे तुमची. दोघादोघांनी बसा. एकाने लिहायचे, दुसऱ्याने फक्त विचारायचे, "आणखी कुठे हात गेला?" मग अदलाबदल. पान असे:

१. वस्तू एक. घेणारी दहा नावे, पाच नात्याबाहेरची.
२. एका घाण्याचा किंवा एका नगाचा पूर्ण खर्च, तुटफूट धरून.
३. त्याला लागणारे तास, घड्याळ लावून.
४. न विकता महिन्याला जाणारे पैसे.
५. किंमत, नगामागे सुटणारे पैसे, आणि चौथा रकाना भरून निघायला लागणारे नग.
६. रोख किती, उधार किती, कोणाकडे.
७. हलवता येणारे तीन आकडे.
८. थांबायची रेषा.

आठव्याबद्दल एवढेच. सुरू करण्याआधी लिहून ठेवा, घरातले किती रुपये गेले की मी थांबणार आणि पान पुन्हा लिहिणार. बहिणीने २,००० लिहिले आणि त्याखाली मामूजानांची सही घेतली. तेव्हापासून "बंद कर" हे वाक्य त्या घरात झालेले नाही, कारण कधी बंद करायचे ते दोघांनाही माहीत आहे.

ज्या रकान्यात आज आकडा नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. घरी जाऊन एकच घाणा करा, एकच ड्रेस शिवा, आणि घड्याळ नि काटा लावून ती प्रश्नचिन्हे भरा. चार आठवड्यांनी आपण इथेच भेटू. येताना पान घेऊन या, खाडाखोड केलेले.